एकोणसत्तर मिलिमीटर

आमच्याकडं जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. उजनीच्या लाइनीचं काही बिनसलं की त्यात आणखी दोन-तीन दिवस वाढतात. जुना हौद विटांचा होता, सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाचा. त्याला गळती होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण किती होती ते कुणी मोजलं नव्हतं. पाणी आलं की भरायचा आणि तिसऱ्या दिवशी तळ दिसायला लागला की एकमेकांवर संशय घ्यायचा, की कोण एवढं पाणी वापरतं. मागच्या उन्हाळ्यात अंगणातली फरशी एका कोपऱ्यात खचली आणि हौद नवा करायचं ठरलं.

नवरा पुण्यात नोकरीला, त्यामुळं काम बघायची जबाबदारी माझ्यावर आली. मी शाळेत गणित शिकवते. बांधकामातलं मला काही कळत नव्हतं, फक्त मोजायची सवय होती. नवऱ्याचा एक मित्र इंजिनिअर आहे. त्यानं पहिल्या दिवशी माझ्याकडून एकच हिशोब करून घेतला. वरचं दिराचं बिऱ्हाड धरून आम्ही आठ माणसं. माणशी १३५ लिटर धरले तर रोज साधारण १,१०० लिटर होतात. दोन पाळ्या चुकल्या तरी अकरा दिवस निभावायला बारा हजार लिटर लागतील. त्यावरून आतली मापं ठरली: १० फूट लांब, ७ फूट रुंद, ७ फूट खोल. त्यात पाणी ६ फुटांपर्यंत आणि वर एक फूट मोकळा. १० गुणिले ७ गुणिले ६ म्हणजे ४२० घनफूट, आणि एका घनफुटात २८.३ लिटर. जवळजवळ बारा हजार.

या टाकीचं तळाचं क्षेत्रफळ ७० चौरस फूट, म्हणजे ६.५ चौरस मीटर. तेव्हा पाण्याची पातळी एक मिलिमीटरनं उतरली तर साडेसहा लिटर पाणी गेलं असा अर्थ होतो. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. पुढं सगळं त्याच्यावरच चाललं.

भिंतीच्या जाडीवरून पहिली वादावादी झाली. मिस्त्री म्हणाले, "ताई, नऊ इंची वीट घेऊ की. आतनं गिलावा, वर घोटून सिमेंट. आजपर्यंत असेच बांधलेत की मी." सासऱ्यांनी मान डोलावली, कारण जुनाही तसाच होता. इंजिनिअर काही बोलला नाही. त्यानं जुन्या हौदाच्या फुटलेल्या भिंतीकडं बोट दाखवलं. विटांच्या सांध्यांमधून आडवी चीर गेली होती, बरोबर मधल्या उंचीवर, आणि भिंत आत पोट काढून आली होती.

त्यानं समजावलं ते असं. हौद भरलेला असतो तेव्हा पाणी भिंत बाहेर ढकलतं. तळाशी, ६ फूट पाण्याखाली, दर चौरस मीटरला सुमारे १.८ टन दाब असतो, आणि वर येता येता तो शून्य होतो. एक मीटर लांबीच्या भिंतीवर सगळा मिळून दीड टनाच्या वर जोर. हौद रिकामा असतो तेव्हा उलटं होतं, बाहेरची माती भिंत आत ढकलते. आपल्याकडची वरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळं हा जोर दर वर्षी येतो आणि जातो. विटांचं बांधकाम दाबून घेतं, पण वाकवलं की चिरतं. म्हणून भिंत लोखंडी काँक्रीटची हवी आणि सळईची जाळी दोन्ही तोंडांना हवी, आतून एक, बाहेरून एक.

"मग सहा इंची करू," मिस्त्री म्हणाले. "हिशोबात बसतंय की नाही?"

इंजिनिअरनं मान्य केलं की नुसत्या ताकदीच्या हिशोबात कदाचित बसेलही. मग त्यानं माझ्या वहीवर भिंतीचा आडवा छेद काढला. सहा इंच म्हणजे १५० मिमी. आतून ४० आणि बाहेरून ४० मिमी काँक्रीटचं कव्हर सळईवर हवं, नाहीतर लोखंड गंजतं. उरले ७०. एका जाळीत १० मिमीची उभी आणि ८ ची आडवी सळई, म्हणजे १८. दोन जाळ्यांचे ३६. मधे मोकळी जागा राहते ३४ मिमी. "आणि तुमच्या व्हायब्रेटरची सुई केवढी?" मिस्त्री हसले. सुई ४० मिमीची होती. ती जाळ्यांच्या मधून खाली उतरणारच नव्हती. काँक्रीट वरून ओतायचं आणि काठीनं टोचायचं, म्हणजे खाली पोकळ्या राहणार, खडी उघडी पडणार. आठ इंची, म्हणजे २०० मिमी घेतली की मधे ८४ मिमी राहतात आणि सुई आरामात तळापर्यंत जाते. भिंतीची जाडी हे ताकदीइतकंच काँक्रीट नीट बसवायचं प्रकरण आहे हे मला तेव्हा कळलं. भिंत आठ इंची ठरली, तळही आठ इंची, वरचा स्लॅब पाच इंची.

खोदाईबद्दल फार सांगत नाही. वर दोन-अडीच फूट काळी माती, खाली मुरूम, आणि शेवटचा फूटभर मुरूम इतका कठीण की ब्रेकर लावावा लागला. तीन बाजूंनी भिंतीबाहेर दोन-दोन फूट जागा सोडली, माणूस उतरून बाहेरून भिंत बघू शकेल अशी. चौथ्या, लांब बाजूला मात्र शेजाऱ्यांच्या कंपाउंडची भिंत दीड फुटावर होती. तिथं जास्त खोदलं असतं तर कंपाउंडचा पाया उघडा पडला असता. म्हणून त्या बाजूला मुरूम सरळ उभा कापला, त्याला खडबडीत शहाबादी फरश्या उभ्या लावल्या, सांधे सिमेंटनं भरले आणि त्या फरश्यांनाच बाहेरचं सेंट्रिंग मानलं. सेंट्रिंगच्या पाट्या फक्त आतून. याचा अर्थ असा की ती भिंत बाहेरून कधीच दिसणार नव्हती. तेव्हा हे कुणाला विशेष वाटलं नाही.

तळाचं काँक्रीट करतानाच भिंतीचा सहा इंचाचा भाग त्याच्याबरोबर उचलून घेतला आणि त्याच्या माथ्यावर मध्यभागी पीव्हीसीची नऊ इंची पट्टी, वॉटर स्टॉपर, उभी बसवली: अर्धी खालच्या काँक्रीटमध्ये, अर्धी वर येणाऱ्या भिंतीत. तळ आणि भिंत एका दिवसात होत नाही, सांधा येणारच. तो कोपऱ्यात न येता सहा इंच वर यावा आणि त्यातून पाण्याला सरळ वाट मिळू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. या सांध्याची आम्ही सगळ्यांनी इतकी काळजी घेतली, की गळती झाली तर इथूनच होणार असं डोक्यात बसलं होतं.

भिंती भरायचा दिवस मार्चमधला. मी रजा टाकली होती. इंजिनिअरनं मला एक काम दिलं होतं: पाणी मोजणं. एका पोत्याला जास्तीत जास्त साडेबावीस लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. काँक्रीट वाहतं राहावं म्हणून पाण्यात मिसळायचं औषध वेगळं होतं. तरी मिक्सरवरचा पोरगा दर दोन मालांनंतर हळूच अर्धी बादली जास्त ओतायला बघायचा. "म्याडम, माल कडक येतोय, घसरत नाही." मी बादलीवर खडूनं रेघ मारून तिथंच खुर्ची टाकून बसले. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि जाताना काँक्रीटमध्ये बारीक वाटा सोडून जातं. टाकीत त्या वाटांचा काय उपयोग होणार ते सांगायला नको.

दुपारी साधारण पावणेदोनला मिक्सरचा पट्टा तुटला. तीन भिंती वरपर्यंत झाल्या होत्या. कंपाउंडकडची भिंत वरून सव्वा फूट राहिली होती. पट्टा आणायला पोरगा होटगी रोडला गेला आणि जेवणाची वेळ झाली म्हणून बाकीचे सावलीला बसले. पट्टा यायला आणि बसायला दोन तास लागले. त्या उन्हात दोन तासांत काँक्रीटचा माथा वरून कोरडा, कडक झाला होता. मिस्त्रींनी त्यावर पाणी शिंपडलं, सिमेंटचा घोळ टाकला आणि उरलेलं भरून घेतलं. इंजिनिअर तेव्हा दुसऱ्या साइटवर होता. मी वहीत लिहून ठेवलं: "१.४५ ते ३.५०, मिक्सर बंद, पश्चिमेची भिंत १५ इंच बाकी." का लिहिलं, सांगता येणार नाही. शाळेत गैरहजेरी मांडायची सवय, तीच.

पुढं स्लॅब झाला. त्याला दोन झाकणं ठेवली, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. एक पुरलं असतं, पण बंद टाकीत सेंट्रिंग काढायला उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ओल्या लाकडानं आत प्राणवायू कमी होतो. दोन झाकणं असली की वारा खेळतो. माणूस उतरायच्या आदल्या दिवसापासून दोन्ही उघडी ठेवली, एका झाकणावर टेबल फॅन लावला आणि वर एक माणूस बसवला. भिंतींवर गोणपाट टाकून आणि तळावर पाणी साठवून मुरवण चालूच होतं.

आता गिलावा, वॉटरप्रूफिंग, मग माती भरायची आणि मोकळं व्हायचं, असा मिस्त्रींचा बेत होता. इंजिनिअर म्हणाला, नाही. आधी पाणी भरायचं, उघड्या काँक्रीटवर. बाहेर माती नाही, आत लेप नाही. "लेप लावून चाचणी केली तर लेपाची परीक्षा होईल, भिंतीची नाही. आणि माती भरली तर गळतंय कुठं ते कळायचंच नाही." पाण्याच्या टाक्यांसाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे, त्यात ही चाचणी दिलेली आहे. टाकी भरायची आणि सात दिवस तशीच ठेवायची, कारण कोरडं काँक्रीट सुरुवातीला पाणी पितं. आठव्या दिवसापासून पुढचे सात दिवस, दर चोवीस तासांनी पातळी मोजायची. जमिनीखालच्या, वरून झाकलेल्या टाकीत सात दिवसांची एकूण उतरण ४० मिमीपेक्षा जास्त नसेल तर टाकी पाणीबंद समजायला हरकत नाही. जास्त आली, पण रोजची उतरण कमी कमी होत असेल, तर आणखी सात दिवस चाचणी वाढवता येते.

पाणी कुठून आणायचं हा प्रश्न होताच. घरात पाच दिवसांआड पाणी आणि आम्ही बारा हजार लिटर नुसतं बघायला भरणार! सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही. शेवटी बोअरच्या पाण्याचे टँकर आणले, पाच हजारांचे दोन आणि एक अर्धा. तेही एकदम ओतले नाहीत. रोज एक असे तीन दिवस, म्हणजे दाब हळूहळू चढतो आणि खालच्या भागात काही फुटत असेल तर ते आधी दिसतं.

पातळी मोजायचं साधन मात्र झकास होतं. काठावर पट्टी लावून वाचायला गेलं तर पाणी पट्टीला चिकटून वर चढतं आणि दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते. इंजिनिअरनं सायकलची एक तार घेतली, खालचं टोक हुकासारखं वर वळवून घासून अणकुचीदार केलं आणि ती स्टीलच्या पट्टीला बांधली. झाकणाच्या चौकटीवर दोन बोल्ट पक्के केले, त्यावर आडवी पट्टी टेकवायची. हुक पाण्यात बुडवून हळूहळू वर उचलायचा. टोक पृष्ठभागाला आतून टेकलं की पाण्यावर इवलासा फुगवटा दिसतो. तिथं थांबून आकडा वाचायचा. अर्धा मिलिमीटर फरक कळतो. शेजारी एक सरळ काठाचा स्टीलचा डबा अर्धा भरून टाकीत टांगला. डब्याला गळती नाही, तेव्हा त्यातलं पाणी जेवढं उतरेल ती वाफ. आत येणारा नळ आणि मोटारीची जागा दोन्ही बूच मारून बंद केल्या. नाहीतर नळाला पाणी आलं की टाकी भरणार आणि आपण म्हणणार, काय सुंदर टाकी आहे, पाणी वाढतंय.

पहिल्या सात दिवसांत पातळी उतरत होती आणि आम्ही बादल्यांनी खुणेपर्यंत भरत होतो. "काँक्रीट पाणी पितंय," सगळे म्हणत होते. खोदलेल्या जागेत उतरून मी रोज तीन बाजूंच्या भिंती बघायचे. एका ठिकाणी तळहाताएवढा ओला डाग दिसला, सेंट्रिंगच्या पाट्या आवळायच्या बोल्टचं भोक होतं ते. दोन दिवसांनी तो डाग आपोआप सुकला. खालचा सांधा, ज्याची एवढी धास्ती होती, तो ठणठणीत कोरडा.

आठव्या दिवशी खुणेपर्यंत भरून मोजणी सुरू केली, सकाळी साडेसहाला, रोज त्याच वेळी. रोजची उतरण मिलिमीटरमध्ये अशी आली: १२, १०, ९, ७, ६, ५, ४. एकूण ५३. म्हणजे आठवड्यात ३४५ लिटर. डब्यातलं पाणी एक मिलिमीटर उतरलं होतं.

४० च्या वर गेली, पण रोज कमी होत होती. तेव्हा नियमाप्रमाणं पुढचा आठवडा: ४, ३, ३, २, २, १, १. एकूण १६.

मिस्त्री खूश झाले. "बघा ताई, पास की! सिमेंट स्वतःच भेग भरतंय." त्यात खोटं काही नव्हतं. केसाएवढ्या बारीक भेगांत पाणी शिरलं की उरलेलं सिमेंट त्याच्याशी पकडतं, चुन्याचा पांढरा थर धरतो आणि भेग बुजते. तो बोल्टच्या भोकाचा डाग तसाच बुजला होता. मानकात मुदत वाढवायची सवलत असते ती असं काही होऊ शकतं म्हणूनच. मलाही वाटलं, सुटलो. मी इंजिनिअरला फोनवर आकडे वाचून दाखवले.

तो म्हणाला, "वहिनी, शाळेत आलेख काढायला लावता ना पोरांना? काढा."

मी काढला. चौदा दिवस आडवे, पाण्याची पातळी उभी. रेघ आधी तीव्र उतरत होती, मग सपाट होत एका पातळीला टेकायला निघाली होती. खुणेपासून ६९ मिलिमीटर खाली आली होती आणि आणखी सात-आठ मिलिमीटरवर कुठंतरी थांबेल असं दिसत होतं. भेग बुजत असतानाही रेघ अशीच दिसेल. पण छिद्र वरच्या बाजूला असेल आणि पाणी उतरता उतरता छिद्राच्या पातळीला आलं, तरीही रेघ अशीच दिसेल, कारण छिद्राच्या डोक्यावर पाणी जितकं कमी तितकी गळती कमी. दोन वेगळ्या गोष्टी, आलेख एकच. माझ्यासारखीला हे चौदाव्या दिवशी सुचायला हवं होतं.

ओळखायची युक्ती साधी होती. पुन्हा खुणेपर्यंत भरा. भेग बुजली असेल तर उद्याही एकच मिलिमीटर उतरेल. छिद्र असेल तर पुन्हा पहिल्या दिवसासारखं होईल. ६९ मिमी गुणिले साडेसहा, साधारण ४५० लिटर आत ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी हुक लावला. ११.

मिस्त्री काही बोलले नाहीत. मी वही मागं उलटली. खूण तळापासून ६ फुटांवर, म्हणजे १,८३० मिमी. त्यातून ७७ वजा केले तर १,७५३. भिंतीची उंची २,१३०. वरून खाली मोजलं तर ३७७ मिमी, आणि ते १५ इंच होतात. "पश्चिमेची भिंत १५ इंच बाकी." तीच बाजू, जी बाहेरून बघता येत नव्हती. पट्टा तुटला ती दुपार.

इंजिनिअरनं तरी खात्री करून घेतली. पाणी त्या रेषेच्या थोडं वर ठेवलं, टाकी तासभर स्थिर होऊ दिली आणि कपड्याला घालायची नीळ पाण्यात घोळून इंजेक्शनच्या सिरिंजनं भिंतीजवळ थेंब थेंब सोडली. बॅटरीच्या उजेडात निळा धागा इकडंतिकडं तरंगत राहिला. सिरिंज सरकवत उत्तरेच्या कोपऱ्यापासून चार फुटांवर आली, तेव्हा धागा सरळ भिंतीकडं ओढला गेला आणि आत नाहीसा झाला. तिथून पुढं तीन फूट लांबीत दोन-तीन ठिकाणी तसंच. मग पाणी फूटभर उतरवलं. भिंत तासाभरात सुकली, पण तेवढ्या तीन फुटांत एक काळपट आडवी रेघ दुपारपर्यंत ओलीच राहिली. नुसत्या डोळ्यांना ती आधीही दिसली असती. मी शंभरदा बघितली असेल, पाट्यांच्या सांध्याची खूण समजून.

जुनं काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यावर नवं पडलं की दोन्ही एकजीव होत नाहीत. सळई दोन्हीतून जाते, त्यामुळं ताकदीला फारसं बिघडत नाही, पण मधे कागदाएवढी फट राहते. सिमेंटच्या घोळानं ती बंद होत नाही. माथा तारेच्या ब्रशनं खरवडून खडी उघडी करायला हवी होती, किंवा मिक्सर बंद पडताच हातानं माल कालवून तेवढा भाग पुरा करायला हवा होता. उरलेलं काँक्रीट होतं १० फूट गुणिले सव्वा फूट गुणिले आठ इंच, आठ-साडेआठ घनफूट. दोन पोत्यांचं काम.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. नुसत्या ओल्या जागेपुरतं न करता पूर्ण दहा फूट रेघेवर एक इंच रुंद, एक इंच खोल खाच कोरली. रेघेच्या वरून आणि खालून आळीपाळीनं, दहा-दहा इंचांवर तिरकी भोकं पाडली, भिंतीच्या मध्यावर फटीला छेदतील अशी, आणि त्यात नोझल बसवले. त्यातून हातपंपानं पीयू ग्राउट दाबला. पाणी लागलं की तो फुगतो. एका नोझलमध्ये दाबला की शेजारच्यातून बाहेर यायचा, मग ते बंद करून पुढचं. नंतर खाच न आकसणाऱ्या पॉलिमर मॉर्टरनं भरली. पुन्हा पाणी खुणेपर्यंत. या वेळी सात दिवसांत ६ मिमी.

त्यानंतर वॉटरप्रूफिंग. कोपऱ्यांना, तळ आणि भिंत मिळते तिथं, दोन इंचांचा गोल वाटा मारला, कारण काटकोनात लेप नीट बसत नाही आणि तिथंच फाटतो. आतून पिण्याच्या पाण्याला चालणारा सिमेंट-पॉलिमरचा दोन घटकांचा लेप घेतला. भिंत ओलसर करून, पण वर पाणी न साचू देता, पहिला हात आडवा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा उभा. हा लेप आतून का, तर टाकीतलं पाणीच त्याला भिंतीवर दाबून धरतं. बाहेरून ओल आली तर ती त्याला भिंतीपासून सोडवायला बघते. म्हणून दिसणाऱ्या तीन बाजूंना बाहेरूनही वॉटरप्रूफ गिलावा केला. चौथ्या बाजूला शहाबादी फरशी होतीच, तिच्यावर भरवसा ठेवला.

पांढऱ्या टाइल्स बसवायचा सासऱ्यांचा आग्रह होता. टाइल्सच्या मागं काय चाललंय ते दिसत नाही, एवढंच मी म्हटलं. निळीच्या वेळी ते झाकणाशी बसून बघत होते. त्यांनी विषय सोडला.

लेप सात दिवस मुरला. तिसऱ्यांदा भरणं, सात दिवस थांबणं, सात दिवस मोजणं. १, ०, १, ०, ०, १, ०. एकूण ३, त्यातले २ डब्यातही उतरले होते. मग बाजूच्या जागा भरल्या, काळ्या मातीनं नव्हे, खोदाईतून निघालेल्या मुरमानं, नऊ-नऊ इंचांचे थर देत आणि चोपत. भरताना टाकी अर्धी भरलेली ठेवली, म्हणजे आतून आधार राहतो. पावसाळ्यात टाकी साफ करायला पूर्ण रिकामी करायची नाही, अशी एक सूचना इंजिनिअरनं जाताना दिली. कठीण मुरमात खोदलेला खड्डा म्हणजे भांडंच. त्यात पावसाचं पाणी बाहेरून साचलं तर रिकामी टाकी तरंगायला बघते. आमच्या टाकीचं वजन एकोणीस-वीस टन आहे, आणि खड्डा काठोकाठ भरला तर पाण्याची उचलही जवळजवळ तेवढीच.

मिस्त्री हिशोब घ्यायला आले तेव्हा त्यांनी दुरुस्तीच्या तीन दिवसांची मजुरी मागितली नाही. मीही विषय काढला नाही. निघताना म्हणाले, "ताई, ती सायकलची तार देता का? सैफुलला एक काम सुरू हाय."

दिली. पट्टीसकट.